‘मोटर जळाली : ३८’ : तक्रारींचा गोषवारा दर महिन्याला का फसतो आणि तपासायला सुरुवात कुठून करायची

बोअरवेल आणि विहिरीचे पंपसेट विकणाऱ्या एका वितरकाच्या बेळगावच्या ऑफिसात मी तक्रारींची शीट सांभाळतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, खानापूर इथला ऊसवाला शेतकरी, शिवाय हद्दीपलीकडचं चंदगड आणि गडहिंग्लज. तक्रार कधी फोनवर येते, कधी व्हॉट्सॲपवर, कधी डीलर चिठ्ठी लिहून पाठवतो. भाषा मराठी, कन्नड किंवा एकाच वाक्यात दोन्ही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हुबळीला बसणाऱ्या सर्व्हिस हेडकडे एक पान जातं. तक्रारी कोणत्या प्रकारच्या आल्या, पुन्हापुन्हा येणारी मूळ कारणं कोणती आणि अजून उघडी प्रकरणं किती, एवढंच त्यात असतं.

हे पान माझ्याकडे इतक्या वेळा परत आलंय की आता ते बिघडलं कुठे हे बघायचा एक क्रमच ठरून गेलाय. खालचं उदाहरण आमच्या एका मे महिन्याच्या शीटचं आहे. उन्हाळ्याचा शेवट, विहिरी तळाला गेलेल्या, तक्रारींचा पाऊस. त्या महिन्यात माझ्या पानावर पहिल्याच ओळीत ‘मोटर जळाली : ३८’ होतं. साहेबांनी फोन करून एवढंच विचारलं, “बरं, मग मी करू काय याचं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लक्षणं

तुमच्या पानात यातली दोन जरी दिसली तरी पुढचं वाचा.

‘इतर’ हा प्रकार पहिल्या तिघांत आहे. मूळ कारणाच्या रकान्यात तक्रारच पुन्हा लिहिलेली आहे, म्हणजे तक्रार ‘मोटर जळाली’, कारण ‘मोटर जळाल्यामुळे’. बंद प्रकरणांची टक्केवारी झकास दिसते, पण फोन उचलणारी पोरगी सांगते की तीच तीच माणसं बोंबलत असतात. मागच्या महिन्याची उघडी प्रकरणं या महिन्याच्या पानावर कुठेच सापडत नाहीत. आणि सगळ्यात मोठं लक्षण, साहेब पान वाचून झाल्यावर पुन्हा तुम्हालाच फोन लावतात.

पहिली तपासणी : जमाखर्च जुळतो का? (पाच मिनिटं, खर्च शून्य)

किराणा दुकानातला मुनीमसुद्धा आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय वही उघडत नाही. तक्रारींचंही तसंच. मागची उघडी, अधिक या महिन्यात नवी, वजा या महिन्यात बंद केलेली, म्हणजे आजची उघडी. हा हिशेब जुळत नसेल तर पुढचं काहीही बघू नका, कारण ज्या नोंदी शीटमध्ये दिसतच नाहीत त्यांचे प्रकार पाडणार कसे?

आमचं असं होतं. एप्रिलअखेर उघडी ३१. मे महिन्यात नवी २१२. हा आकडा मी शीटच्या फिल्टरवरून घेतला नाही. तक्रार क्रमांक सलग असतात, तेव्हा मेचा शेवटचा क्रमांक वजा एप्रिलचा शेवटचा क्रमांक, असा काढला. बंद केलेली जॉब कार्डं मोजली, ती १९८. म्हणजे उघडी ४५ असायला हवीत. माझ्या पानावर होती २२.

गायब झालेल्या २३ पैकी १९ ची गोष्ट सोपी होती. मी फिल्टर लावला होता ‘तक्रारीची तारीख मे’. एप्रिलात आलेली आणि मेमध्येही न सुटलेली १९ प्रकरणं त्या फिल्टरने बाहेर टाकली. गंमत बघा, सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिडलेली माणसंच पानावरून नाहीशी होतात. उघड्या प्रकरणांना तारखेचा फिल्टर लावायचाच नसतो, फक्त ‘बंद झाल्याची तारीख रिकामी’ एवढंच बघायचं.

उरलेल्या ४ नी मात्र मला दुसऱ्या तपासणीकडे नेलं.

दुसरी तपासणी : तारखा खऱ्या तारखा आहेत का? (दहा मिनिटं)

आमची निपाणीची शीट वेगळ्या संगणकावर भरली जाते आणि महिन्याच्या शेवटी माझ्या शीटमध्ये चिकटवली जाते. त्या संगणकावर तारखेची पद्धत आधी महिना, मग दिवस अशी होती. अशा संगणकावर कुणी १८/०५ लिहिलं की अठरावा महिना नसल्यामुळे एक्सेल ते साधा मजकूर म्हणून ठेवतं. आणि ०३/०५ लिहिलं, म्हणजे ३ मे, की तेच एक्सेल काहीही न बोलता ५ मार्च करून टाकतं. पहिली चूक निदान दिसते, कारण मजकूर खान्याच्या डाव्या बाजूला चिकटतो आणि खरी तारीख उजव्या. दुसरी दिसत नाही. हरवलेल्या चारांपैकी तीन नोंदी मजकूर झालेल्या होत्या आणि एक मार्चमध्ये जाऊन बसली होती.

तारखेच्या रकान्यात किती नोंदी मजकूर झाल्यात ते एका ओळीत कळतं. तारीख `A` रकान्यात आहे असं धरलंय.

```
=COUNTA(A2:A2000)-COUNT(A2:A2000)
```

उत्तर शून्य यायला हवं. उलटलेल्या तारखा पकडायला सूत्र नको. शीट तक्रार क्रमांकाने लावा आणि तारखेच्या रकान्यावरून नजर फिरवा. क्रमांक सलग चढत जातात तेव्हा तारीखही चढायला हवी. मध्येच मार्च किंवा नोव्हेंबर डोकावला की तिथेच बोट ठेवा. आणि ज्या संगणकावर चूक होते तिथली तारखेची सेटिंग बदलून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात परत हेच.

तिसरी तपासणी : एकाच दुखण्याच्या तीन नोंदी (अर्धा तास)

आमच्याकडे शेतकरी सकाळी फोन करतो, दुपारी डीलरच्या दुकानात जाऊन तक्रार सांगतो आणि संध्याकाळी त्याचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा व्हॉट्सॲपवर मोटरचा फोटो टाकतो. तीन नोंदी, एक मोटर. नावावरून हे सापडत नाही, कारण एकाच माणसाचं नाव एका ठिकाणी आडनावासकट, दुसरीकडे ‘अण्णा’, तिसरीकडे फक्त गावाच्या नावाने असतं. गावाचंही तेच. बेळगाव, बेळगावी, बेलगाम. निपाणी, निप्पाणी. चिकोडी, चिक्कोडी. खानापूर तर आणखी चकवतं, कारण सांगली जिल्ह्यातही खानापूर आहे, आणि आमच्या एका नव्या टेक्निशियनने एकदा तिकडचा डीलर शोधून काढला होता. म्हणून गाव ओळखायला नाव नको, पिन कोड विचारा. निपाणीचा ५९१२३७, आपल्या खानापूरचा ५९१३०२. त्यात वाद होत नाही.

माणूस ओळखायला मोबाइल नंबरचे शेवटचे दहा आकडे घ्या. कुणी पुढे शून्य लावतो, कुणी ९१, कुणी मध्ये मोकळी जागा सोडतो, म्हणून आधी साफसफाई. नंबर `C` रकान्यात असेल तर नव्या रकान्यात हे लिहा.

```
=RIGHT(SUBSTITUTE(SUBSTITUTE(C2," ",""),"-",""),10)
```

हा साफ नंबर `K` रकान्यात आला की त्याच नंबरवरून मागच्या ३० दिवसांत किती तक्रारी आल्या ते असं बघा.

```
=COUNTIFS(K:K,K2,A:A,">="&A2-30,A:A,"<="&A2)
```

उत्तर १ म्हणजे ही एकटीच तक्रार. २ किंवा जास्त आलं तर थांबून वाचा. आपोआप काढून टाकू नका. डीलर स्वतःच्या नंबरवरून दहा शेतकऱ्यांच्या तक्रारी नोंदवतो, ते दहा वेगळेच असतात. तिथे पंपाचा सिरियल नंबर बघायचा. तो नसेल तर डीलरला एक फोन. ज्यांच्या नोंदीत नंबरच नाही त्यांना हे सूत्र लागू करू नका, सगळे नंबर नसलेले एकमेकांचे भाऊ ठरतात.

आणि जोडताना नोंद पुसायची नाही. जुन्या क्रमांकाला नवा जोडायचा आणि वय पहिल्या फोनच्या तारखेपासून मोजायचं. नाहीतर जो जास्त वेळा फोन करतो त्याची तक्रार शीटवर दरवेळी ताजी होते.

आमच्या ‘मोटर जळाली’च्या ३८ पैकी ९ जोडनोंदी निघाल्या. उरल्या २९. उघड्या ४५ मध्येही ४ जोडनोंदी होत्या, त्या ४१ झाल्या.

चौथी तपासणी : ‘इतर’ हाताने वाचा (एक दुपार)

इथे लोक लगेच शब्द शोधून प्रकार पाडायला बसतात. मीही बसलो होतो. ‘जळ’ असलेलं सगळं एका गठ्ठ्यात, ‘पाणी’ असलेलं दुसऱ्यात. मग ‘मोटर सुट्ट होग्याद’, म्हणजे मोटर जळाली, आणि ‘नीरु बरल्ला’, म्हणजे पाणी येत नाही, हे कुठे जाणार? ‘इतर’मध्ये. आमच्या ‘इतर’पैकी निम्म्याहून जास्त नोंदी म्हणजे कन्नडातून आलेल्या सरळसाध्या तक्रारी होत्या, फक्त माझ्या यादीत ते शब्द नव्हते. साहेबांपुढे त्याचा अर्थ असा झाला की अथणीकडे काहीतरी अजब बिघाड आहेत. तसं काही नव्हतं.

म्हणून ‘इतर’मधल्या तीसेक नोंदी एकेक करून वाचा. तिसाव्यापर्यंत तेच तेच शब्द पुन्हा यायला लागतात. मग यादी करा, प्रत्येक प्रकारापुढे मराठी, कन्नड आणि टेक्निशियनच्या तोंडची इंग्रजी, तिन्हीकडचे शब्द. प्रकारांना आकडे द्या. आमचे साहेब मराठी छान बोलतात पण वाचताना अडखळतात, त्यांना ‘प्रकार ३’ दोन्ही भाषांत सारखाच.

एका शब्दासाठी मात्र मी हात जोडून सांगतो, ‘करंट’ हाताने वाचा. ‘करंट येत नाय’ म्हणजे लाईन नाही. ‘करंट इल्ला’ म्हणजे तेच. पण ‘पाइपला करंट येतोय’ म्हणजे शॉक बसतोय. ‘करंट होडीतद’ म्हणजेही शॉक. शब्द शोधून केलेल्या गठ्ठ्यात ही चारही वाक्यं ‘वीजपुरवठा’ या नावाखाली शेजारी शेजारी पडतात, आणि त्यातली दोन माणसाच्या जिवाशी खेळणारी असतात. मे महिन्यात अशी एक नोंद सहा दिवस तिथे पडून होती. हुक्केरी तालुक्यातल्या एका मावशीने फोन केला होता, “पाण्याला हात लावला की मुंग्या येतात बगा.” लिहिणाऱ्याने लिहिलं, ‘करंट प्रॉब्लेम’. मावशींचं नशीब चांगलं म्हणून निभावलं. केबलच्या जोडात पाणी शिरलं होतं आणि अर्थिंगची तार तुटलेली होती. तेव्हापासून शॉक हा आमचा पहिला प्रकार आहे, महिन्याला एक असो की शून्य. त्याची ओळ पानावर असतेच.

पाचवी तपासणी : तक्रार, कारण आणि काम यांची खिचडी झालीय का? (दोन-तीन दिवस)

खरा घोटाळा इथे असतो, आणि वरच्या चारही तपासण्या करून झाल्यावरच तो दिसतो.

‘मोटर जळाली’ हे गिऱ्हाइकाने पाहिलेलं आहे. त्याने बटण दाबलं, मोटर घुमली नाही किंवा फ्यूज गेला, तो म्हणाला जळाली. ते कारण नाही. टेक्निशियनने ‘मोटर बदलली’ लिहिलं, ते काम आहे. तेही कारण नाही. शीटमध्ये या तिघांना एकच रकाना असेल तर ज्याने शेवटी लिहिलं त्याचं खरं ठरतं. तीन रकाने करा, गिऱ्हाईक काय म्हणालं, टेक्निशियनला काय दिसलं, काय केलं. आणि चौथा एक बारीक रकाना, जो आमच्याकडे सगळ्यात उपयोगी पडला, कारण कशावरून ठरवलं. त्यात तीनच पर्याय, ‘पाहिलं’, ‘सांगितलं’, ‘अंदाज’.

आता त्या २९ जॉब कार्डांचं काय झालं ते सांगतो.

४ मोटरी जळालेल्याच नव्हत्या. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडला होता, म्हणजे ट्रिप झाला होता, किंवा केबलचा जोड गेला होता. त्या प्रकार बदलून दुसरीकडे गेल्या. उरल्या २५. त्यातल्या ८ मोटरी कुणी उघडून पाहिल्याच नाहीत. शेतकऱ्याला घाई होती, ऊस वाळत होता, त्याने मोटर वर काढली आणि जवळच्या रिवाइंडिंगवाल्याकडे दिली. त्याचा राग नाही, पण आमच्यासाठी त्या ८ चं कारण ‘अज्ञात’. उघडून पाहिलेल्या उरल्या १७.

जळालेल्या थ्री फेज मोटरचं वायंडिंग बरंच काही सांगतं. तिन्ही फेजच्या कॉइल सारख्याच काळवंडल्या असतील तर भार जास्त होता किंवा व्होल्टेज कमी होतं, आणि या दोघांतलं कोणतं ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पण काही कॉइल काळ्या आणि काही कोऱ्या करकरीत असतील, तर बहुतेक वेळा एक फेज गेलेली असताना मोटर चालत राहिली होती. स्टार जोडणीच्या मोटरमध्ये अशा वेळी दोन फेजच्या कॉइल जळतात आणि एक चांगली राहते. डेल्टा जोडणीत उलट, एकच जळते आणि दोन चांगल्या राहतात. म्हणून टेक्निशियनने ‘अर्धी जळाली’ एवढंच लिहून चालत नाही. जोडणी कोणती आणि काळ्या कॉइल किती फेजच्या, या दोन गोष्टी हव्यात. आता आम्ही जॉब कार्डासोबत वायंडिंगचा एक फोटो मागतो. आमचे जुने टेक्निशियन मामा सुरुवातीला कुरकुरले, “मी पंधरा वर्षं मोटरी बघतोय, फोटो कशाला?” मी म्हटलं, “मामा, तुमच्यासाठी नाही, हुबळीला दाखवायला.” मग काढायला लागले.

१७ पैकी ११ मध्ये एक फेज गेल्याची खूण होती. ४ मध्ये तिन्ही कॉइल सारख्या काळ्या. २ मध्ये बेअरिंग जाम होऊन रोटर अडकलेला.

इथेच थांबलो असतो तर पानावर ‘मूळ कारण : सिंगल फेजिंग’ गेलं असतं आणि साहेबांनी पुन्हा विचारलं असतं, मग मी करू काय? लाईनमधली एक फेज जाणं आपल्या हातात नाही. आपल्या हातात हे की तसं झाल्यावर मोटर बंद पडायला हवी होती. त्यासाठी स्टार्टरमध्ये सिंगल फेज प्रिव्हेंटर असतो. मग पुढचा प्रश्न, त्या ११ ठिकाणी प्रिव्हेंटर होता का? पुन्हा फोन, पुन्हा दोन फेऱ्या. ११ पैकी ८ ठिकाणी प्रिव्हेंटर बसवलेला होता, पण त्याच्या तारा काढून स्टार्टर थेट जोडलेला होता. दोन ठिकाणी प्रिव्हेंटर नव्हताच. एका ठिकाणी चालू स्थितीत होता तरी मोटर जळाली, ते कोडं सुटलेलं नाही, तसंच लिहिलं.

तारा काढल्या कुणी? काही ठिकाणी शेतकऱ्यानेच, कारण लाईन फार वरखाली झाली की प्रिव्हेंटर सारखा पडतो आणि रात्री दोनला उठून मळ्यात कोण जाणार! पण ८ पैकी ५ ठिकाणी शेतकऱ्याला हे माहीतच नव्हतं. बसवतानाच थेट जोडून दिलं होतं, आणि त्या पाचही ठिकाणी फिटर एकच. आता हे साहेबांच्या हातातलं झालं. बसवून झाल्यावर वायरमनने एक फेज तोडून प्रिव्हेंटर पडतो का ते दाखवल्याशिवाय वॉरंटी कार्डावर शिक्का नाही, असा नियम त्यांनी त्याच आठवड्यात काढला. त्या एका फिटरशी बोलणं वेगळं झालं.

कारण ‘मूळ’पर्यंत पोहोचलं की नाही हे मी आता असं ओळखतो. त्या वाक्यापुढे ‘म्हणून साहेबांनी…’ लिहून बघायचं. वाक्य पूर्ण होत नसेल तर अजून एक पायरी खाली जायचं आहे.

एक खबरदारी. ‘२५ पैकी ११’ आणि ‘पाहिलेल्या १७ पैकी ११’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या ८ अज्ञात मोटरी सगळ्या सारख्या काळ्या असू शकतात. त्यांना प्रमाणात वाटून टाकायचा मोह होतो, आकडे सुबक दिसतात. करू नका. ‘अज्ञात ८’ पानावर तसंच दिसू द्या. पुढच्या महिन्यात अज्ञात कमी झाले तर तेही कळेल.

सहावी तपासणी : ‘बंद’ म्हणजे नक्की काय? (कठीण, कारण माणसांशी बोलावं लागतं)

बंद केलेल्या यादीतून डोळे मिटून दहा नंबर काढा आणि स्वतः फोन करा. एकच प्रश्न, “पाणी येतंय का?” मे महिन्याच्या दहांपैकी सात जण हो म्हणाले. एकाकडे टेक्निशियन येऊन बघून गेला होता, पार्ट यायचा होता. एकाने कंटाळून दुसरीकडून दुरुस्ती करून घेतली होती, पण ती तात्पुरती, आणि आमची मोटर तशीच ओसरीवर पडून. तिसऱ्याने माझ्या सात पिढ्यांची आठवण काढली. आमच्या टेक्निशियनच्या भाषेत हे तिन्ही ‘बंद’ होते, कारण त्यांची फेरी झाली होती आणि फेरीचे पैसे ‘बंद’वर मिळतात. चूक त्यांची म्हणता येत नाही, रकाना तसा होता.

आता ‘फेरी झाली’ आणि ‘गिऱ्हाइकाने हो म्हटलं’ हे दोन रकाने वेगळे आहेत. बंद धरायचं ते दुसऱ्यावर. ते तीन पुन्हा उघडले आणि मेचा शेवटचा आकडा ४४ झाला. पहिल्या पानावरच्या २२ च्या बरोबर दुप्पट. बंद केलेल्यांपैकी फक्त दहांनाच विचारलं होतं, हेही आकड्याखाली लिहिलं.

उघड्या प्रकरणांची नुसती संख्या पाठवू नका. वयाने लावलेली यादी पाठवा, प्रत्येकापुढे दिवस, शेवटचं काय झालं, आता कोणाकडे अडकलंय आणि पुढची तारीख. आमच्या ४४ पैकी १६ एकाच प्रकारच्या इंपेलरच्या वाटेकडे डोळे लावून होते. हे यादी लावल्यावरच दिसलं, आणि साहेबांनी सोळा फोन करण्याऐवजी गोदामाला एकच केला. यादीत मोबाइल नंबर मात्र नको, ती व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. तक्रार क्रमांक पुरे.

इथे हात काढून घ्या

शॉकची नोंद दिसली की गोषवारा बाजूला ठेवा. गिऱ्हाइकाला त्याच मिनिटाला फोन करून मेन स्विच बंद करायला आणि पाइपला, पाण्याला हात न लावायला सांगा, परवानाधारक वायरमन पाठवा, साहेबांना कळवा. महिनाअखेरपर्यंत ती शीटमध्ये थांबत नाही.

फोटो बघून तुम्हाला वायंडिंगचं काही कळत नसेल तर अनुभवी रिवाइंडिंगवाल्याला दाखवा. आम्ही महिन्यातून एकदा सगळे फोटो एका रिवाइंडिंगवाल्या अण्णांपुढे ठेवतो. मी लावलेल्या कारणांपैकी एखाददुसरं ते दर महिन्याला फिरवतात. कन्नड नोंदीचा अर्थ लागत नसेल तर अंदाजाने प्रकार लावू नका, शेजारच्या टेबलवर विचारा. बेळगावात असं टेबल नाही असं ऑफिस मला ठाऊक नाही.

तक्रारींच्या सॉफ्टवेअरमधून काढलेल्या यादीत क्रमांकच गळालेले असतील, म्हणजे सलग क्रमांकांत भोकं असतील, तर ती हाताने भरू नका. सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. तुम्ही भरलेली भोकं पुढे कुणालाच सापडणार नाहीत.

आणि वॉरंटी नाकारल्याचा वाद, वकिलाची नोटीस किंवा ‘ग्राहक आयोगात जातो’ असं लेखी आलं असेल, तर त्या प्रकरणाच्या कारणाच्या रकान्यात स्वतःचं मत एका शब्दानेही लिहू नका. ‘फॅक्टरी डिफेक्ट’ किंवा ‘शेतकऱ्याची चूक’, दोन्ही नको. जे पाहिलं तेवढंच, फोटोसकट, आणि फाईल कंपनीच्या वकिलाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करायला साधारण दोन वर्षांची मुदत आहे, आणि ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही ती करता येते. म्हणजे मोटर बेळगावात घेतली तरी चंदगडचा माणूस कोल्हापूरला जाऊ शकतो. म्हणून जुन्या शीट आणि जॉब कार्डं वर्षअखेरीला रद्दीत घालायची आमची पद्धत मी बंद केली. कपाट भरलंय, दुसरं मागितलंय, ते प्रकरण अजून उघडंच आहे.